लेकरू जेवंना: थकलेल्या आईबापांसाठी सव्वा मिनिटाची स्क्रिप्ट, उपदेशाचा वास न येता

लातूरजवळच्या एका गावात, अंगणवाडीच्या भिंतीला मोबाईल टेकवून मी माझा पहिला व्हिडिओ सात-आठ बायकांना दाखवला होता. विषय होता, लेकरू जेवत नाही. सुरुवात अशी: ‘पालकांनो, तुम्हीही मुलाच्या मागे ताट घेऊन धावता का? मग आजच ही सवय बदला.’ संपल्यावर सगळ्या चांगलं चांगलं म्हणाल्या. उठता उठता एकजण हळूच म्हणाली, “ताई, छान आहे, पण आमच्या ग्रुपवर नका टाकू. सासूबाई बघतील अन् म्हणतील, बघ, ती बाई बी तेच सांगायली.”

तेव्हा कळलं की मी तिच्यासाठी व्हिडिओ केला नव्हता. तिला ऐकवायला घरात अजून एक तोंड तयार करून दिलं होतं. तो व्हिडिओ मी टाकला नाही. तीच स्क्रिप्ट पुढे चार वेळा लिहिली. कशी लिहिली ते इथं सांगते. तुम्ही आशाताई असा, बालवाडीच्या बाई असा की स्वतःचं छोटं चॅनल चालवत असा, कामी येईल.

आधी वेळ ठरवा, विषय नंतर

‘लहान मुलांचा आहार’ हा विषय झाला. त्यावर लिहायला बसलं की हाताखालून व्याख्यानच उतरतं. मी आता वहीत एक प्रसंग लिहिते. रात्रीचे साडेआठ. सव्वा वर्षाचं पोरगं. आई दिवसभर सोयाबीन काढून आलेली, बोटांना शेंगांचे ओरखडे. बाप जीप चालवतो, तो नऊला येणार. वरणात भाकरी कुस्करून काला केलाय. दोन घास गेले, तिसरा पोरानं जिभेनं बाहेर ढकलला, तो हनुवटीवरून फ्रॉकवर पडला.

एवढं लिहून झालं की त्याखाली एक प्रश्न. या बाईला आज याच विषयावर आधी कोण काय म्हणालंय? ही यादी मनापासून करा, कारण पुढची अर्धी कामगिरी इथंच होते. माझ्या वहीत होतं: ‘किती वाळलंय लेकरू’, ‘शेजारच्या पोरीचं बघ, वाटीभर वरण-भात खाती’, ‘आमच्या टायमाला असले नखरे नव्हते’, ‘तूच लाडावून ठेवलंस’. यातला एकही शब्द, एकही तुलना स्क्रिप्टमध्ये येता कामा नये, गोड शब्दांत गुंडाळूनसुद्धा नाही. ‘प्रत्येक मूल वेगळं असतं, तुलना टाळा’ हे वाक्य मी दुसऱ्या खर्ड्यात हौसेनं घातलं होतं. ऐकणारीला त्यात शेजारची पोरगीच आठवली.

धीर मायेच्या शब्दांनी मिळत नाही

नवीन लिहिणाऱ्यांची पहिली धाव असते ‘काळजी करू नका’, ‘तुम्ही खूप छान आई आहात’ इकडे. ‘काळजी करू नका’ हा हुकूमच आहे, फक्त हळू आवाजातला. आणि ‘तुम्ही छान आई आहात’ हे अनोळखी बाईनं मोबाईलमधून सांगितलं की दमलेल्या माणसाला ते पोहोचतच नाही. तिनं आज पोराला एक धपाटा घातलेला असतो आणि तो तिला आठवत असतो.

धीर येतो तो, ज्या गोष्टीला ती आपली चूक समजत होती त्या गोष्टीचं दुसरं कारण कळल्यावर. या प्रसंगात ते कारण वजनाच्या हिशोबात आहे. जन्मतः तीन किलोचं बाळ धरू. पहिल्या वाढदिवसापर्यंत वजन साधारण तिप्पट होतं, म्हणजे नऊ किलो. बारा महिन्यांत सहा किलोची भर, महिन्याला सरासरी अर्धा किलो. आणि पुढच्या पूर्ण वर्षात भर पडते साधारण दोन ते अडीच किलोंची. म्हणजे महिन्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास. वाढीचा वेगच निम्म्याहून खाली येतो, म्हणून अंगाच्या मानानं भूकही उतरते. नेमकं त्याच वेळी पोरगं चालायला लागलेलं असतं, त्याला ताटापेक्षा उंबरठ्यापलीकडची शेळी जास्त महत्त्वाची वाटते. आई मात्र दहाव्या महिन्यातली वाटी डोळ्यांसमोर धरून बसलेली असते.

हे सांगितलं की अंगणवाडीतल्या बायकांचे चेहरे बदलतात, मी पाहिलंय. एकीनं लगेच लेकराच्या वजनाचं कार्ड काढलं आणि बोटानं रेषा दाखवली: “हे बघा, हितं खरंच आडवी व्हायली.” आडवी म्हणजे थोडी सपाट, चढ कमी झालेला. वाढ थांबलेली नव्हती.

एक मात्र सांभाळा. आकडे तीन किलोच्या बाळाचे आहेत. आपल्याकडे अडीच किलोची, त्याहूनही हलकी बाळं बरीच जन्मतात. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘साधारण’ हा शब्द ठेवा आणि हिशोब बाळाच्या डॉक्टरांना किंवा अंगणवाडीच्या ताईंना एकदा वाचून दाखवा.

काम सांगण्याआधी एक काम काढून घ्या

दमलेल्या माणसाला पाच उपाय सांगितले की पाच नवी कामं झाली. मी एकच गोष्ट सांगते, आणि ती सांगण्याआधी एक ओझं उतरवते.

जेवणाच्या बाबतीत हे फार सोपं आहे, कारण तशी कामाची वाटणी आहार शिकवणारे लोक करतातच. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी ती नीट मांडली: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं, खायचं की नाही, हे लेकरानं. थकलेल्या आईच्या डोक्यावर तीनाऐवजी चारही कामं बसलेली असतात. चौथं, म्हणजे पोटात किती गेलं हे मोजण्याचं, तिच्याकडून काढून घेता येतं. नाव-गाव स्क्रिप्टमध्ये घालायची गरज नाही, ‘अमेरिकेतल्या तज्ज्ञ म्हणतात’ असं सुरू केलं की आजी उठून जाते.

मग एकच कृती: ताटात एकदम वाटीभर काढण्याऐवजी दोन घासांएवढं वाढायचं, वीस-पंचवीस मिनिटांनी काही न बोलता उचलायचं, मागितलं तर परत द्यायचं. तेवढंच.

बाकी मोह आवरायचे. मला मोबाईलबद्दल लिहायचं होतं, कारण अर्ध्या घरांत गाण्यांचा व्हिडिओ लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना बसून स्क्रीन दाखवणं टाळायला सांगते, हे मला माहीत होतं. तरी काढलं. ज्या बाईला आपण धीर द्यायला निघालोय तिच्या हातात त्या क्षणी मोबाईलच असतो, त्याच मोबाईलमध्ये आपण बोलत असतो. तिथं मोबाईलवरून टोकणं बरं दिसत नाही. दुधाचंही तसंच. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त गाई-म्हशीचं दूध पोटात गेलं की भाकरीला जागा उरत नाही आणि अंगातलं लोहही कमी पडतं. हे मोलाचं आहे, म्हणूनच त्याचा वेगळा व्हिडिओ केला. एकात दोन घुसवले की दोन्ही वाया.

उपदेश क्रियापदात बसलेला असतो

मराठीत उपदेशाची जागा हुडकायला शोधाशोध करावी लागत नाही. वाक्याच्या शेवटी पाहायचं. ‘पाहिजे’, ‘हवे’, ‘करावे’, ‘लक्षात ठेवा’, ‘टाळा’, ‘बंद करा’. माझ्या पहिल्या खर्ड्यात हे अकरा ठिकाणी होतं. मी लाल पेनानं गोल केले तेव्हा पानाला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

बदलायची पद्धत अशी. ‘मुलाला जबरदस्ती करू नका’ याच्या जागी जे घरात घडतं ते सांगायचं: ‘चौथा घास कोंबला की पाचव्याला तोंड घट्ट मिटतं.’ आई ते रोज बघते, तिला मान हलवायला जागा मिळते. ‘जेवण ठराविक वेळी द्यावे’ याच्या जागी: ‘पाचला बिस्कीटपुडा संपला असेल तर साडेसातला भूक कुठून येणार?’ इथंही सावध राहा, प्रश्नाचा सूर चढला की तो टोमणा होतो. आवाज सपाट ठेवून स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणायचा.

संबोधनही तपासा. ‘पालकांनो’ म्हटलं की समोर शाळेची सभा उभी राहते. ‘आईंनो’ म्हटलं की बाप सुटला. मी संबोधनच टाकत नाही, सरळ प्रसंगात शिरते. आणि ‘आपण’ या शब्दापासून लांब राहते. ‘आपण मुलांवर आपल्या अपेक्षा लादतो’ यात ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’ हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

बोलीचा प्रश्न येतो. मी लातूरची, त्यामुळे ‘जेवंना’, ‘लेकरू’, ‘काय करायलंय’ हे माझ्या तोंडात बसलेलं आहे, ते मी ठेवते. तुमचं बोलणं पुण्याकडचं असेल तर ते तसंच राहू द्या. उसनी मराठवाडी ऐकली की इथले लोक हसतात, आणि मग धीर-बीर सगळं राहून जातं.

मर्यादा सांगायची जागा

इथं कचरलं तर चालत नाही. धीर देणारा व्हिडिओ एखाद्या खरंच आजारी लेकराच्या घरीही पोहोचतो. ‘भूक लागली की खाईल’ एवढंच सांगितलं आणि तिथं लेकरू रक्त कमी असल्यामुळे किंवा पोटात जंत असल्यामुळे खात नसेल, तर आपण त्या घराचे महिने घालवले.

म्हणून एक वाक्य ठेवायचंच आणि ते हुकुमी ठेवायचं. पूर्ण स्क्रिप्टमध्ये ‘जा’, ‘दाखवा’ असं म्हणायची परवानगी मी फक्त इथं देते. लागोपाठ दोन महिने वजन वाढलं नाही, किंवा लेकरू मलूल पडलंय, ताप-उलटी-जुलाब आहेत, लघवी कमी झालीय, गिळताना ठसका लागतो: दवाखान्यात दाखवा. जागा कुठली? शेवटी ठेवलं तर माणूस भीती घेऊनच झोपायला जातो. सुरुवातीला ठेवलं तर पुढचं कोणी ऐकत नाही. साधारण दोन-तृतीयांशावर ठेवते, आणि नंतर कॅमेरा परत ताटाकडे नेते.

आमच्या भागातली अजून एक गोष्ट. बीड, धाराशिवकडची कितीतरी घरं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ती मार्चच्या आसपास परततात. ‘तुमच्या अंगणवाडीत वजन करा’ हे वाक्य त्या चार-पाच महिन्यांत त्यांच्या उपयोगाचं नाही. ‘जिथं असाल तिथल्या अंगणवाडीत’ एवढा बदल केला आणि वाक्य पालावरही चालायला लागलं.

चौथा खर्डा, जसा रेकॉर्ड केला तसा

मी मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलते. म्हणून एकशेतीसच्या आसपास शब्दांवर थांबते, मधले थांबे धरून व्हिडिओ सव्वा मिनिटाचा होतो.

चित्र: स्टीलची ताटली, काला, एक छोटा हात ताटली बाजूला सारतो.

“रात्रीचे साडेआठ. दोन घास गेले. तिसरा परत आला.

दहाव्या महिन्यात हेच लेकरू वाटी चाटूनपुसून खायचं. आता काय झालं?

वाढदिवस झाला.

जन्मतः तीन किलोचं लेकरू पहिल्या वर्षात साधारण सहा किलो वाढतं. दुसऱ्या वर्षात? दोन-अडीच किलो. अंगच हळू वाढायलंय, म्हणून भूक बी हळू झाली. तुमच्या हाताची चव गेली नाही.”

चित्र: एक पुरुषाचा हात ताटलीत दोन घासांएवढा काला वाढतो.

“काय द्यायचं, कधी द्यायचं, हे तुमच्या हातात. किती खायचं, ते त्याच्या पोटाला कळतं. मोजायचं काम आजपुरतं सोडून दिलं तरी चालतंय.

आमच्याकडे दोनच घास वाढतो. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताटली उचलतो, बोलत काही नाही. मागितलं तर परत वाढतो. कधी मागतं, कधी नाही.”

चित्र: वजनाचं कार्ड, रेषेवर बोट.

“दोन महिने वजन जागचं हललं नाही, लेकरू मलूल आहे, ताप, उलटी, जुलाब आहेत, लघवी कमी झालीय किंवा गिळताना ठसका लागतोय, तर दवाखान्यात दाखवा. वजन जिथं असाल तिथल्या अंगणवाडीत होतं.”

चित्र: परत ताटली. उरलेला घास आई स्वतः खाते.

“यातलं काही नसेल तर, तेवढा उरलेला काला तुम्ही खाऊन घ्या. तुमचंही जेवण राहिलंय.”

बापाचा हात मुद्दाम घेतलाय, पण त्यावर एक शब्दही नाही. ‘वडिलांनीही सहभाग घ्यावा’ असं म्हटलं असतं तर घरोघरी नवा वाद. नुसता हात दिसला तर कुणी काही म्हणत नाही, आणि दिसायचं ते दिसतं.

रेकॉर्डिंगबद्दल थोडंच

पंखा आणि कूलर बंद करून रेकॉर्ड करा. मी गाद्यांच्या खोलीत, दार लावून करते. गाद्या घुमणारा आवाज खातात. मागे संगीत नको, बासरी तर नकोच, ती लागली की कुणीतरी प्रवचन सुरू करणार असं वाटतं. मोबाईल उभा धरून चित्रण करा. आणि ओळी पडद्यावर लिहून दाखवा, कारण हा व्हिडिओ बघणाऱ्याच्या मांडीवर लेकरू झोपलेलं असतं, आवाज बंद असतो. एका वेळी दोनच ओळी, मोठ्या अक्षरात. लेकराचा रडका चेहरा दाखवू नका, स्वतःचं लेकरू असलं तरी. हात पुरतो.

दाखवून बघायची रीत

‘आवडला का’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. मी व्हिडिओ दाखवते आणि गप्प बसते. समोरची बाई स्वतःची बाजू मांडायला लागली, ‘मी तर वेळेवर देते हो, पण...’, तर स्क्रिप्टमध्ये कुठंतरी तिच्यावर ठपका आलाय. कुठल्या वाक्यानंतर ती हलली ते आठवायचं, तेच वाक्य बदलायचं. तिसऱ्या खर्ड्यात ते वाक्य होतं ‘मागे धावून काही उपयोग नाही’. मला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. पण दोघीजणी तिथंच बोलायला लागल्या, म्हणून गेलं. बाई तिच्या लेकराची गोष्ट सांगायला लागली, शेळी, गोठा, काय थुंकलं, कधी थुंकलं, तर जमलंय.

दुसरी परीक्षा सासूची. घरातली मोठी बाई हा व्हिडिओ सुनेला पाठवील तेव्हा सोबत काय लिहील, ते वाक्य स्वतः लिहून पाहायचं. ‘बघ, शिक काहीतरी’ असं सुचलं तर परत बसायचं.

चौथा खर्डा मी त्याच अंगणवाडीत नेला. या वेळी ‘ग्रुपवर नका टाकू’ म्हणणाऱ्या बाईच्या सासूबाईही आल्या होत्या, नातवाला कडेवर घेऊन. मी मोबाईल टेकवला. वजनाचा हिशोब आला तसं त्यांनी सुनेकडं पाहिलं, मला वाटलं आता काहीतरी येणार. आणि त्या म्हणाल्या, “ह्याचा बाप बी असाच होता. सव्वा वर्षाचा असताना नुस्ता गूळ मागायचा. मी रडायची चुलीपुढं.”

सून त्यांच्याकडं बघतच राहिली. हे तिला ठाऊक नव्हतं.